चक बेरीच्या गाण्याला रेडिओवाल्याचं नाव कसं काय? पेओलाची भानगड

शेवग्याची_शेंग
मंडळी, एक शंका आहे. मामांच्या जुन्या रेकॉर्डींचा खोका माझ्याकडे आलाय आणि सध्या रोज रात्री जेवणं झाली की एकेक पुसून, लावून, लॅपटॉपवर घ्यायचं काम चालूय. त्यात चक बेरीच्या जुन्या रॉक गाण्यांची एक एलपी निघाली. त्यावर ‘मेबलीन’ या गाण्याखाली कंसात तीन आडनावं आहेत, बेरी, फ्राटो, फ्रीड. मला वाटलं तिघांनी मिळून लिहिलं असेल, बँड असेल. शोधलं तर फ्रीड म्हणजे अ‍ॅलन फ्रीड, न्यूयॉर्कचा रेडिओ निवेदक! आता रेडिओवर गाणी लावणाऱ्या माणसाने गाणं कधी लिहिलं? त्यावरून ‘पेओला’ हा शब्द सापडला. कंपन्या निवेदकांना पैसे देऊन आपली गाणी वाजवून घ्यायच्या, एवढं कळलं.

पण प्रश्न असा की यात एवढं काय वाईट? साबणवाला पैसे देऊन साबणाची जाहिरात वाजवतो, रेकॉर्डवाला पैसे देऊन रेकॉर्ड वाजवतो. फरक काय? जाणकारांनी सांगावं.

नुसता_वाचक
मला आधी वाटलं ओला कॅबच्या पेमेंटबद्दल धागा आहे. माझे दोनशे रुपये अडकलेत. असो, चालू द्या.

मंद_सप्तक
फ्रीड म्हणजे तोच ना ज्याने ‘रॉक अँड रोल’ हे नाव गाजवलं आणि मग लाच खाल्ली म्हणून तुरुंगात गेला आणि तिथेच मेला? पेओला हा शब्द ‘पे’ आणि ‘व्हिक्ट्रोला’ म्हणजे जुना फोनो, असा जोडून झालाय एवढं मला माहितेय.

टेपरेकॉर्डर
शब्दाचं बरोबर, तुरुंगाचं चूक. फ्रीड तुरुंगात गेला नाही. त्यावर येतो, पण आधी शेंगताईंच्या एलपीवरच्या त्या कंसाबद्दल, कारण अख्खी भानगड त्या कंसातच आहे.

१९५५ साल. चक बेरी शिकागोला चेस रेकॉर्ड्सकडे एक टेप घेऊन येतो. ‘आयडा रेड’ नावाच्या जुन्या कंट्री गाण्यावरून त्याने स्वतःचं एक गाणं बांधलेलं असतं. लिओनार्ड चेसला ते आवडतं, मे महिन्यात रेकॉर्डिंग होतं, नाव बदलून ‘मेबलीन’ होतं. आता चेस म्हणजे काही आरसीए नव्हे. दोन भावांची छोटी कंपनी, कृष्णवर्णीय गायकांची ब्लूज गाणी काढणारी. देशभर जाहिराती द्यायला पैसा कुठून आणणार? पण न्यूयॉर्कमध्ये विन्स नावाच्या स्टेशनवर फ्रीड रोज रात्री बसतो आणि लाखो पोरं ते ऐकतात. तेव्हा कुठली रेकॉर्ड लावायची हे निवेदक स्वतः ठरवायचा, वरून यादी यायची नाही. म्हणजे एका माणसाने मनावर घेतलं की काम झालं.

मग चेसने फ्रीडला गाण्याचा सहगीतकारच करून टाकलं. दुसरा फ्राटो, तो चेसला जागा भाड्याने देणारा माणूस, त्याच्याशी देणंघेणं होतं असं सांगतात. दोघांनी एक ओळही लिहिलेली नाही. बेरीला स्वतःला हे नंतर कळलं.

आणि यातली गंमत बघा. पाकीट दिलं तर ते एकदा संपतं. गीतकार म्हणून नाव घातलं की प्रत्येक विकलेल्या रेकॉर्डमागे पैसे, शिवाय रेडिओवर गाणं वाजलं की वाजवल्याचेही पैसे गीतकाराच्या खात्यात. म्हणजे फ्रीड स्वतःच्या कार्यक्रमात जितक्या वेळा मेबलीन लावणार तितका त्याचाच गल्ला भरणार. त्याला कोणी रोज आठवण करून द्यायची गरजच नाही. एका रात्री त्याने दोन तास तेच गाणं फिरवलं अशी दंतकथा आहे, ती खरीखोटी देव जाणे, पण गाणं आर अँड बीच्या यादीत पहिलं आणि पॉपच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलं हे खरं.

बंड्या_साताराकर
आयला, म्हणजे लग्नात आहेर देणाऱ्याचं नाव थेट पत्रिकेत नवरदेवाच्या जागी 😂

अंजली_न्यूजर्सी
@टेपरेकॉर्डर, पण यात बेरीचं नुकसान किती झालं? गाणं वाजलंच नसतं तर शंभर टक्के शून्याचे मिळाले असते ना.

टेपरेकॉर्डर
@अंजली, हिशेब करू. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने एका गाण्यामागे एका रेकॉर्डला दोन सेंट असा कमाल दर होता. नेहमीची पद्धत अशी की एक सेंट प्रकाशकाचा, एक सेंट गीतकाराचा. प्रकाशक कोण, तर आर्क म्युझिक, ज्यात चेस बंधूंचीच भागी. उरला एक सेंट. समजा दहा लाख रेकॉर्डी गेल्या, तर गीतकाराचे दहा हजार डॉलर झाले. बेरी एकटा असता तर सगळे त्याचे. तिघांत वाटले तर त्याला तीन हजार तीनशे तेहतीस, आणि ज्यांनी पेन उचललं नाही त्या दोघांना मिळून सहा हजार सहाशे सदुसष्ट. आणि हे पहिल्या वर्षापुरतं नाही हो, गाणं जिवंत आहे तोवर. पुढे कोणीही ते गायलं तरी तीच वाटणी. बेरीच्या एकट्याच्या नावावर ते गाणं परत यायला १९८६ उजाडलं. तोवर फ्रीडला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

तुमचा मुद्दा मात्र खोटा नाही. बेरीचं नाव झालं ते याच गाण्याने.

मंद_सप्तक
एकवीस वर्षं? म्हणजे १९६५ ला गेला. मग तुरुंगात नाही तर कुठे?

खटलेबाज
तुरुंगाचं मी सांगते, कायदा माझा धंदा आहे (इथला, तिथला नव्हे, पण वाचायची खोड).

सगळ्यात आधी एक गैरसमज. १९५० च्या दशकात निवेदकाने पैसे घेऊन गाणं लावणं याविरुद्ध अमेरिकेत केंद्राचा थेट असा कायदाच नव्हता. म्हणून फ्रीडवर जो खटला झाला तो न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचखोरीच्या कायद्याखाली. म्हणजे ‘नोकराने मालकाला न सांगता तिसऱ्याकडून पैसे घेतले’ या धर्तीवर. फसवणूक श्रोत्यांची नव्हे, स्टेशनच्या मालकाची. १९६० मध्ये आरोप ठेवले, १९६२ च्या डिसेंबरात त्याने दोन आरोप कबूल केले, तीनशे डॉलर दंड आणि स्थगित शिक्षा. बस्स. तीनशे! पण नोकरी आधीच गेली होती, मग इन्कम टॅक्सवाले मागे लागले, दारू होतीच, आणि जानेवारी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला गेला. वय ४३.

आता शेंगताईंचा साबणाचा प्रश्न. उत्तर सोपं आहे. साबणाची जाहिरात लागते तेव्हा ती जाहिरात आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. १९६० मध्ये दळणवळणाच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तीही हेच म्हणते. पैसे घ्या, पण स्टेशनला सांगा आणि हवेवर बोलून दाखवा की या गाण्याचे पैसे मिळालेत. लपवलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद. म्हणजे गुन्हा घेण्याचा नाही, दडवण्याचा आहे.

बंड्या_साताराकर
मग हे दौलतजादासारखं झालं की! फडात लावणी चालू असताना पाटील नोट दाखवतो, बाई येऊन घेते, नाव पुकारलं जातं, सगळ्या तंबूला कळतं की आता हीच लावणी परत का होतेय. त्यात कुणाची फसवणूक नाही. पाटलांनी तीच नोट मागच्या कनातीतून ढोलकीवाल्याला दिली असती तर पेओला.

खटलेबाज
बंड्या, हे मी वर्गात शिकवायला घेणार. परवानगी आहे ना?

बंड्या_साताराकर
नोट दाखवा मग बघू.

शेवग्याची_शेंग
दौलतजादा वाचून पटकन कळलं. पण मग असं कुठला निवेदक बोलेल, ‘आता ऐका हे गाणं, याचे मला पन्नास डॉलर मिळालेत’? कंपनीलाही ते नकोच असणार. म्हणजे सांगायला लागलं की त्यातली किंमतच गेली. मला वाटतं माझ्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

वाल्मिकी_नगरकर
अहो हे सगळं आपल्याकडे नव्हतं का? बिनाका गीतमाला आठवा. पायदान कोण ठरवायचं? आमचे काका म्हणायचे निर्माते स्वतःच रेकॉर्डी विकत घ्यायचे.

निशाचर_दादर
वाल्मिकीकाका, गीतमालेत एकट्या निवेदकाची मर्जी नव्हती, दुकानातली विक्री आणि श्रोता संघांची मतं दोन्ही बघायचे. विक्रीत गडबड करता येते म्हणूनच श्रोता संघ आणले असं अमीन सायानींच्या मुलाखतीत ऐकलंय. आणि मूळ धागा अमेरिकेचा आहे, तो झुमरीतलैयाला नेऊ नका 🙏

वाल्मिकी_नगरकर
बरं बरं. आमची आपली आठवण.

ताकभात
मला हे सगळं एकाच रंगाचं दिसतं. पैसे देणं तर रेडिओच्या आधीपासून होतं, थिएटरातल्या गायकांना गाणी गाण्यासाठी पैसे द्यायचे. मग १९५९ लाच संसदेला जाग का आली? कारण गोरी पोरं काळ्यांची गाणी ऐकायला लागली. सरळ वंशद्वेष, बाकी सगळी सोंगं.

टेपरेकॉर्डर
ताकभात, त्यात तथ्य आहे पण पूर्ण तेवढंच नाही. १९५९ ला जाग यायचं पहिलं कारण टीव्ही. प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमांत स्पर्धकांना आधीच उत्तरं दिली जायची हे उघड झालं, देश हादरला, आणि ओरेन हॅरिस नावाच्या आर्कान्साच्या खासदाराच्या ज्या समितीने ते प्रकरण घेतलं होतं तीच पुढे रेडिओकडे वळली.

दुसरं कारण पैशाचं, आणि हे कोणी फारसं सांगत नाही. गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या दोन संस्था होत्या. जुनी अ‍ॅस्कॅप, तिच्यात ब्रॉडवे आणि सिनेमाचे बडे गीतकार. नवी बीएमआय, ती रेडिओवाल्यांनीच काढलेली, कारण अ‍ॅस्कॅपचे दर परवडेनात. अ‍ॅस्कॅपने ज्यांना दारात उभं केलं नाही ते कंट्रीवाले, ब्लूजवाले सगळे बीएमआयकडे गेले. मग रॉक अँड रोल आलं आणि बीएमआयची चांदी झाली. अ‍ॅस्कॅपच्या मंडळींना हे मान्यच होईना की पोरांना ही गाणी खरंच आवडतात. त्यांचं म्हणणं, एवढं भिकार संगीत पैसे चारल्याशिवाय वाजूच शकत नाही. पेओला त्यांच्या हातात आयता सापडला. त्यात वंशद्वेष मिसळलेला होताच, नाही कोण म्हणतंय.

ताकभात
तेच मी म्हटलं, तुम्ही फक्त लांब केलंत.

अंजली_न्यूजर्सी
डिक क्लार्कचं कोणी बोललंच नाही अजून. इथे आमच्या ऑफिसातले जुने लोक त्याचं नाव निघालं की हळवे होतात, दर थर्टीफर्स्टला टीव्हीवर तोच असायचा. तो पण अडकला होता ना यात?

टेपरेकॉर्डर
अडकला आणि सुटलाही. फ्रीड आणि क्लार्क शेजारी ठेवले तर मला तरी जास्त शिकायला मिळतं.

क्लार्क फिलाडेल्फियाहून एबीसीवर ‘अमेरिकन बँडस्टँड’ करायचा. त्याला कोणी पाकीट द्यायची गरज नव्हती, कारण तो दुसऱ्या टोकालाही बसलेला होता. गाण्यांचे हक्क, रेकॉर्ड कंपन्या, रेकॉर्ड छापायचा कारखाना, कलाकारांचं काम बघणारी कंपनी, असं मिळून तेहतीस धंद्यांत त्याचा हात होता. म्हणजे पोरं टीव्हीवर ज्या गाण्यावर नाचणार ते गाणं त्याचं, ती रेकॉर्ड छापणार त्याच्याकडे. जेमी रेकॉर्ड्समध्ये त्याने घातले होते सव्वाशे डॉलर, आणि त्या कंपनीचा गिटारवाला ड्वेन एडी बँडस्टँडवर सारखा.

१९५९ च्या नोव्हेंबरात एबीसीने दोघांपुढे कागद ठेवले. फ्रीड तेव्हा त्यांच्याच न्यूयॉर्कच्या स्टेशनवर होता. ‘मी कधी पैसे घेतले नाहीत’ अशी सही कर म्हणाले, त्याने तत्त्व म्हणून नकार दिला, त्याला काढलं. क्लार्कला सांगितलं टीव्ही निवड नाहीतर धंदे, आणि त्याला वेगळ्या, त्याच्या सोयीच्या मसुद्यावर सही करू दिली. त्याने धंदे विकले. पुढच्या वर्षी समितीसमोर नीट कोट घालून, शांतपणे, आकड्यांसकट बोलला, आणि खुद्द हॅरिसने त्याला सज्जन तरुण म्हणून निरोप दिला. मग तीस वर्षं बँडस्टँड चालवलं.

खटलेबाज
आणि क्लार्कच्या बाबतीत कायद्याने ‘लाच’ सिद्ध करणंही अवघड, कारण देणारा आणि घेणारा एकच. हितसंबंध म्हणता येतं, लाच नाही.

निशाचर_दादर
एक क्लार्क नोट मोजत नव्हता, नोट छापत होता 😄

मंद_सप्तक
मग १९६० च्या कायद्याने थांबलं का? मला वाटतं थांबलं, कारण नंतर निवेदकांना गाणं निवडायचा अधिकारच राहिला नाही, वरून यादी यायला लागली.

टेपरेकॉर्डर
अर्धं बरोबर. यादी ठरवायचं काम स्टेशनच्या कार्यक्रम प्रमुखाकडे गेलं हे खरं. पण मग काय, दहा निवेदकांऐवजी एकच माणूस गाठायचा! उलट सोपं झालं. आणि कंपन्यांनी मधे दलाल आणले. ‘स्वतंत्र प्रमोटर’ म्हणायचे त्यांना. कंपनी प्रमोटरला बिल भरणार, गाणं यादीत चढलं की इतके हजार, प्रमोटर स्टेशनशी काय करतो ते कंपनी विचारणार नाही. हात स्वच्छ.

याची सगळ्यात भारी गोष्ट पिंक फ्लॉइडची. १९८० च्या सुरुवातीला सीबीएस रेकॉर्ड्समध्ये डिक अ‍ॅशर नावाचा अधिकारी या दलालांच्या बिलांनी वैतागला होता. त्याने ठरवलं, एका शहरात एका गाण्यासाठी एक पैसा द्यायचा नाही, बघू काय होतं. शहर लॉस एंजेलिस, गाणं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’. विचार करा, बँड त्याच आठवड्यात त्याच शहरात ‘द वॉल’चे प्रयोग करतोय, तिकिटं संपलेली, आणि तिथली मोठी स्टेशनं ते गाणं लावतच नाहीत. बँडची माणसं कंपनीवर भडकली. शेवटी दलालांना परत लावलं आणि गाणं हवेवर आलं. मार्चमध्ये ते देशात एक नंबर होतं.

म्हणजे बघा, इथे पैसे वाईट गाणं चढवायला नव्हते. चांगलं, चालणारं गाणं अडवलं जाऊ नये म्हणून होते. हप्ता म्हणा सरळ.

वाल्मिकी_नगरकर
हे समजलं. भाजीमार्केटात गाळा असतो, हप्ता दिला नाही तर गाडी आत येत नाही. भाजी ताजी असली तरी.

बंड्या_साताराकर
माझी पण एक गोष्ट. २००६-०७ ला आमचा कॉलेजचा रॉक बँड होता, तीन गाणी रेकॉर्ड केलेली, स्वतःच्या पैशाने. एका एफएम स्टेशनला सीडी घेऊन गेलो. साहेब म्हणाले गाणं छान आहे, दहा हजाराच्या जाहिराती घ्या, मग संध्याकाळी लावू. आम्ही कसली जाहिरात देणार, आमच्याकडे विकायला फक्त बासिस्टची स्कूटर होती. हे पेओला होतं का?

खटलेबाज
जाहिरात खरी लागणार आणि पावती स्टेशनच्या नावाची, तर निदान साहेबांच्या खिशात गेले नाहीत. पण गाणं ‘आवडलं म्हणून लावलं’ असं भासवलं असतं तर वृत्ती तीच. तिथला कायदा इथे लागत नाही हे वेगळं.

अंजली_न्यूजर्सी
हे जाहिरातीचं ऐकून आठवलं. २००५ ला न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी सोनी बीएमजीला धरलं होतं, दहा दशलक्ष डॉलर भरून मिटवलं कंपनीने. त्यात ईमेलच सापडल्या होत्या. एका स्टेशनवर या आठवड्यात ऑडिओस्लेव्हचं गाणं चढवायला मी काय करू सांग, तुला सुचेल ते मी जमवतो, अशा अर्थाची एक. ऑडिओस्लेव्ह म्हणजे रॉकमधली मोठी नावं हो! त्यांना पण लागत होतं. रोख कोणी देत नव्हतं, सहली, लॅपटॉप, श्रोत्यांच्या स्पर्धेची बक्षिसं असलं काहीतरी.

आणि जाहिरातीची युक्ती अशी की रात्री अख्खं गाणंच जाहिरातीच्या वेळेत विकत घेऊन वाजवायचं. ऐकायला कोणी नाही, पण संगणक मोजतो की गाणं इतक्या वेळा वाजलं. तो आकडा बघून दुसरी स्टेशनं लावतात.

निशाचर_दादर
मग कसं ओळखायचं? वाजणं वाढतंय पण विक्री हलत नाही, आणि वाढ सगळी रात्री दोन ते पाच?

टेपरेकॉर्डर
हो, आणि तिसरी खूण म्हणजे पैसे संपले की गाणं एका आठवड्यात गायब. आवडलेलं गाणं हळूहळू उतरतं, विकत घेतलेलं कड्यावरून पडतं. अर्थात पक्का पुरावा कागदच. आकड्यांवरून फक्त संशय.

ताकभात
एक उलटा विचार टाकतो. रोनाल्ड कोस, तेच नोबेलवाले अर्थशास्त्रज्ञ, यांनी १९७९ मध्ये पेओलावर लेख लिहिलाय. सार असं की हवेवरची जागा ही वस्तू आहे, तिला किंमत असणारच. पैसे बंद केले तर फायदा मोठ्यांचा, कारण त्यांच्याकडे जाहिराती, विक्रेते, ओळखी आहेत. चेससारख्या छोट्या कंपनीकडे पाकिटाशिवाय दुसरं होतं काय? पेओला नसता तर मेबलीन शिकागोच्या बाहेर गेलं असतं का?

टेपरेकॉर्डर
१९५५ साठी कोस बरोबर वाटतो. १९८० साठी नाही. दलालांचे दर इतके चढले की छोट्या कंपन्याच आधी बाहेर पडल्या.

ताकभात
तो दर बाजार लपून चालल्यामुळे चढला. उघड असता तर चढला नसता.

टेपरेकॉर्डर
उघड असता तर शेंगताई म्हणाल्या तसं कोणी घेतलाच नसता. इथे आपलं काही जमायचं नाही.

मंद_सप्तक
मला अजून फ्रीडबद्दल वाईट वाटतंय. मघाशी तुरुंगात घातला बिचाऱ्याला मीच.

खटलेबाज
वाईट वाटू द्या, पण बेरीच्या सेंटांसकट. काळ्या गायकांची मूळ गाणी लावायची हा त्याचा हट्ट होता, गोऱ्यांनी गायलेल्या नकला तो टाळायचा, हे खरं. आणि त्याच गायकाच्या गाण्यात तो एक तृतीयांश घुसला हेही खरं.

शेवग्याची_शेंग
सगळ्यांचे आभार. काल रात्री ती बाजू पूर्ण घेतली. फाईलला गीतकार लिहायचा रकाना आहे. एलपीवर आहे तसं तिघांची नावं लिहू की फक्त बेरी? नवरा म्हणतो वस्तू आहे तशी नोंदवायची. माझा हात फ्राटोपाशी अडतोय.

निशाचर_दादर
फक्त बेरी. आणि शेऱ्यात लिहा, ‘एलपीवर तीन नावं, त्यातला एक रेडिओवाला, एक घरमालक’.

नुसता_वाचक
घरमालक राहू द्या, भाडं वाढवेल. बाय द वे ओलाचे दोनशे परत आले.